टाळी, ठोका आणि लय: पहिलीच्या वर्गासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केंद्राच्या शिक्षण परिषदेत हा उपक्रम दाखवला, की पुढचे काही दिवस फोनवर तेच ते प्रश्न येत राहतात. विचारणारे बहुतेक जिल्हा परिषदेच्या शाळांतले शिक्षक, काही अंगणवाडी ताई, अधूनमधून एखादे पालक. ते प्रश्न इथं एका जागी ठेवले आहेत. उपक्रम एकच आहे: मांडीवर थाप, हातात टाळी, तोंडात दोन शब्द. ढोलकी नको, खंजिरी नको, बाकही बडवायचा नाही. तुम्ही पहिल्यांदाच करणार असाल तर पहिले दोन प्रश्न आधी वाचा. बाकीचे गरज पडेल तसे.

१. ठोका, लय आणि शब्दांची टाळी या तीन गोष्टी वेगळ्या कशा? मला तर सगळं एकच वाटतं.

पैठणच्या वाटेवरची दिंडी आठवा. पाय एकसारखे पडत असतात, तोंडातला अभंग संपला तरी पडतच असतात. तो ठोका. दिंडी सावकाश चालली आहे की झपाझप, ती लय. आणि तोंडातले शब्द एका पावलावर कधी एक, कधी दोन असे बसतात, ती तिसरी गोष्ट. गाणं शिकलेले लोक ठोक्याला मात्रा म्हणतात. पहिलीच्या मुलांना तो शब्द सांगायची गरज नाही. त्यांच्यासाठी मांडीवर पडते ती थाप म्हणजे ठोका, आणि टाळी म्हणजे शब्द. सगळा उपक्रम या दोन हालचाली वेगळ्या ठेवण्यावर उभा आहे. ठोक्यालाही टाळी आणि शब्दालाही टाळी असं केलं, की मुलाला दोन्हींतला फरक कधीच दिसत नाही. येणाऱ्या तक्रारींतल्या निम्म्या तिथंच जन्मतात.

२. उपक्रम नेमका करायचा कसा? पायरीपायरीनं सांगा.

मुलांना सतरंजीवर गोलात बसवा, तुम्हीही त्याच गोलात खाली बसा. आधी फक्त ठोका. दोन्ही तळहात मांडीवर, थाप एकसारखी. सुरुवात करताना “एक, दोन, चला, सुरू” हे चार शब्द ज्या वेगानं थाप हवी आहे त्याच वेगानं म्हणा. नुसतं “चला, वाजवा” म्हटलं, तर प्रत्येक मूल आपापल्या वेगानं सुरू करतं आणि मग तासभर जुळवत बसावं लागतं. थाप स्थिर झाली की ती थांबवू नका, तशीच चालू ठेवून तोंडानं म्हणा:

तूर – तूर – वांगी – तूर

चार थापांवर चार शब्द. “तूर” एका थापेवर एकदा, “वांगी” मात्र एकाच थापेत दोन तुकड्यांत, वां-गी. ओळ संपली की श्वासासाठी थांबायचं नाही, पाचव्या थापेवर पुन्हा पहिली “तूर”.

तोंड बसलं की वर्गाचे दोन गट करा. एक गट मांडीवर ठोका धरतो, दुसरा शब्दांच्या टाळ्या वाजवतो. म्हणजे चार थापांमागे पाच टाळ्या पडतात. मग अदलाबदल. एकाच मुलाकडून पायानं ठोका आणि हातानं शब्द करून घ्यायची घाई करू नका. सहाव्या वर्षी दोन्ही एकदम बहुतेकांना जमत नाही, आणि न जमल्यावर मूल दोन्ही सोडून देतं.

तिसरी पायरी गप ठोक्याची. ओळ बदला: तूर – वांगी – तूर – (गप). गप ठोक्यावर टाळी नाही, आवाज नाही. दोन्ही तळहात उघडून बाजूला न्यायचे. तबला शिकणारे हातावर ताल धरताना ‘खाली’, म्हणजे तालातली बिनटाळीची जागा, दाखवतात तसंच. त्या मोकळ्या जागेत मांडीवाल्या गटाची थाप चालूच राहते, आणि मुलांना पहिल्यांदा कळतं की टाळी थांबली तरी ठोका थांबत नाही.

लय बदलणं शेवटी. तेही पहिल्या आठवड्यात नको.

३. तूर आणि वांगीच का? आमच्याकडचे शब्द घेतले तर?

घ्या की. फक्त एक शब्द एका तुकड्याचा हवा आणि दुसरा दोन सारख्या तुकड्यांचा. ऊस, मूग, बीड, दूध हे एका तुकड्याचे. भेंडी, काठी, सेलू, औसा दोन तुकड्यांचे. “ज्वारी” मी मुद्दाम टाळतो. आपल्याकडची निम्मी पोरं “जवारी” म्हणतात आणि तीन टाळ्या वाजवतात, निम्मी दोन. चूक कुणाचीच नसते, पण वर्ग फाटतो. बटाटा, टोमॅटो असे तीन तुकड्यांचे शब्दही सुरुवातीला नकोत. ते एका थापेत कोंबताना मुलं धावतात. त्यांची जागा वेगळी आहे, ती प्रश्न १८ मध्ये.

४. “परभणी”ला मुलं तीन टाळ्या वाजवतात. अक्षरं तर चार आहेत. दुरुस्त करू का?

नका करू, मुलं बरोबर आहेत. आपण लिहितो चार अक्षरं, पण बोलताना पर-भ-णी असे तीनच तुकडे पडतात. तसंच तुळजापूर तीन, उदगीर दोन. टाळी तोंडातून जे निघतं त्याला, पाटीवर जे दिसतं त्याला नाही. अक्षरओळखीच्या तासाला अक्षरं मोजायची असतील तर बोटं मोजा किंवा खडे मांडा. टाळी त्या कामाला वापरू नका. नाहीतर एकाच हालचालीचे दोन नियम होतात, आणि जे मूल आधीच वाचायला चाचपडतंय ते दोन्हीकडे गोंधळतं.

५. थाप किती वेगानं ठेवायची?

पहिलीच्या मुलाला स्वतःहून जो वेग सोयीचा वाटतो तो मोठ्या माणसापेक्षा जलद असतो. मिनिटाला साधारण १०० ते १३० ठोके या पट्ट्यात बहुतेक मुलं आरामात राहतात. आपण मोठी माणसं “लहान आहेत, सावकाश घेऊ” म्हणून मिनिटाला ६० वर सुरू करतो आणि तिथंच फसतो. दोन ठोक्यांमधली एवढी लांब जागा सांभाळणं त्यांना अवघड जातं.

मोजायला भिंतीवरचं घड्याळ पुरतं. सेकंदाच्या प्रत्येक टिकटिकीला दोन थापा म्हणजे मिनिटाला १२०. घड्याळ आवाज करणारं नसेल तर १५ सेकंदांत थापा मोजा आणि चारनं गुणा: ३० थापा म्हणजे १२०, २५ म्हणजे १००. वर्गात शिरण्याआधी व्हरांड्यात एकदा स्वतःच्या मांडीवर तो वेग धरून बघा. फळ्याजवळ उभं राहून आठवायला गेलं की हमखास वेगळाच निघतो.

६. सर, टाळ्या वाजवता वाजवता पोरं पळायलेत. सुरुवात चांगली होते, मिनिटाभरात सगळा वर्ग सुसाट. काय करावं?

हा सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

समजा वीस-बावीस मुलांचा वर्ग आहे. सुरुवातीला १५ सेकंदांत २८ थापा मोजल्या, म्हणजे मिनिटाला ११२. मिनिटाभरानं पुन्हा मोजल्या तर ३३, म्हणजे १३२. हे पळणं. मोजल्याशिवाय ते कळतही नाही, कारण तुम्हीही मुलांबरोबर पळत असता.

याची कारणं एकात एक अडकलेली आहेत. एकसारख्या ठोक्याबरोबर हात चालवणारा माणूस, मोठा असो की लहान, ठोक्याच्या किंचित आधी हात टाकतो. ती माणसाची सवयच आहे. गटात प्रत्येक जण शेजाऱ्याचा हात बघत असतो. मग जो सगळ्यांत आधी पडतो त्याला बाकीचे गाठायला जातात, पुढच्या वेळी तो आणखी आधी. त्यात मुलांना मजा यायला लागली की आवाज चढतो, आणि या वयात आवाज चढला की वेग चढतोच.

म्हणून उपायही आवाजापासून सुरू होतो. “अरे हळू, हळू” असं ओरडू नका. तुमचा चढलेला आवाजच त्यांना आणखी पळवतो. तुम्ही स्वतः तळहाताऐवजी दोन बोटांनी थाप मारायला लागा. मुलं नक्कल करतात, आवाज खाली येतो, वेग थोडा सावरतो. दुसरं, हालचाल मोठी करा. मांडीवरून हात वीतभर उचलला जात असेल तर छातीपर्यंत उचला. हाताला जायला-यायला लांबचा रस्ता मिळाला की तो लवकर पोहोचत नाही. एवढ्यानं भागलं नाही तर सरळ थांबवा, दोन श्वास जाऊ द्या, आणि “एक, दोन, चला, सुरू” पुन्हा मूळ वेगानं म्हणा. चालत्या गाडीत वेग दुरुस्त करण्यापेक्षा थांबून सुरू करणं मुलांना सोपं जातं.

आणि एका वेळी दीड-दोन मिनिटांपेक्षा जास्त सलग वाजवूच नका. सात-आठ मिनिटांच्या उपक्रमात तीन-चार छोट्या फेऱ्या होतात, तेवढ्या पुष्कळ.

७. “वांगी वांगी वांगी वांगी” म्हटलं की मुलं म्हणतात लय वाढली. खरंच वाढली का?

नाही वाढली, आणि हा फरक मुलाला कळणं हेच या उपक्रमाचं मुख्य काम आहे.

“तूर तूर तूर तूर” मध्ये चार थापांवर चार टाळ्या. “वांगी वांगी वांगी वांगी” मध्ये चार थापांवर आठ टाळ्या. हात दुप्पट चालला, मांडीवरची थाप होती तिथंच राहिली. लय थापेची असते. गाणारे याला दुगुण म्हणतात, तेव्हाही मूळ लय बदललेली नसते.

मुलाला हे तोंडी समजावू नका, त्याच्या अंगाला कळू द्या. मांडीवाल्या गटाला सांगा, “काहीही झालं तरी तुमची थाप हलायची नाही.” दुसऱ्या गटाकडून आधी चारदा तूर, मग न थांबता चारदा वांगी, परत चारदा तूर. पहिल्या काही वेळा मांडीवाला गटही वांगीच्या वेळी ओढला जाईल. तो ओढला जातोय हे तुम्हाला थापेच्या आवाजावरून लगेच कळतं: दोन गटांचे आवाज एकमेकांवर बसायचे थांबतात आणि पत्र्यावर गारा पडल्यासारखा सडासडा होतो. मग मांडीवाल्या गटाला दुसऱ्या गटाकडे पाठ करून बसवा. नजर सुटली की थाप स्थिर होते.

याच्या उलटही दाखवायला हवं. शब्द तोच, “तूर तूर तूर तूर”, पण या वेळी थापच जलद. मग विचारा, “आता काय बदललं, मांडी की टाळी?” उत्तरात मूल “दोन्ही” म्हणालं तर बरोबर. आधीच्या खेळात “फक्त टाळी” म्हणालं तर तेही बरोबर. ही दोन उत्तरं ज्याला वेगवेगळी देता आली, त्याला लय कळली असं मी धरतो.

८. जलद लगेच जमतं, सावकाश अजिबात जमत नाही. असं का?

कारण प्रश्न ५ मध्ये आलं आहे: दोन ठोक्यांमधली लांब जागा रिकामी राहते आणि मूल ती भरून टाकायला पुढची थाप लवकर देतं. उपाय म्हणजे त्या जागेत हाताला काम देणं. थाप मारली की दोन्ही हातांनी हवेत एक मोठा गोल काढायचा आणि गोल पूर्ण झाला की पुढची थाप. मिनिटाला ८० च्या आसपास, म्हणजे १५ सेकंदांत २० थापा, एवढं सावकाश पहिलीला बास. त्याखाली न्यायचा हट्ट नको. गोल काढताना काही मुलं पूर्वार्ध भरभर आणि उत्तरार्ध रेंगाळत काढतात. त्यांच्या हाताला हात लावून एकदोनदा तुम्हीच फिरवून दाखवा.

९. “हळू वाजवा” म्हटलं की काही मुलं बारीक आवाजात वाजवतात, वेग तोच राहतो.

त्यांनी तुमचं ऐकलंय. घरी “हळू बोल” म्हणजे बारीक आवाजात, आणि “हळू चाल” म्हणजे सावकाश. वर्गात वेगासाठी “दमानं” आणि “भरभर” वापरा, आवाजासाठी “बारीक” आणि “मोठ्यानं”. “दमानं” आपल्याकडे प्रत्येक मुलाला येतं. मग चारही जोड्या करून घ्या: दमानं-बारीक, दमानं-मोठ्यानं, भरभर-मोठ्यानं आणि सगळ्यांत अवघड भरभर-बारीक. तिथं मुलं हसतात, पण हसता हसता वेग आणि आवाज एकमेकांपासून सुटतात. प्रश्न ६ मधलं पळणंही त्यानं कमी होतं.

१०. गावातल्या भजनात शेवटी लय वाढतेच. मग मुलांची वाढली तर बिघडलं काय?

भजनात ती वाढवली जाते. पखवाजवाला आणि टाळकरी एकमेकांकडे बघतात, एकदम उचलतात, आणि सगळे मिळून चढतात. मुलांची घसरते, कुणाच्याही नकळत. बाहेरून दोन्ही सारखं दिसतं, पण भजनी मंडळाला मागं यायला सांगितलं तर ते येतात. वर्गाला येता येत नाही. मुलांनी भजन पाहिलेलं असतं, त्याचा फायदा घ्या. एक खूण ठरवा: तुम्ही भुवया उंचावल्या की सगळ्यांनी मिळून भरभर, तळहात खाली दाबला की सगळ्यांनी दमानं. खुणेशिवाय वेग बदलायचा नाही. मुलांना हा खेळ फार आवडतो, विशेषतः खूण करायचं काम त्यांच्यातल्याच एखाद्याला दिलं की.

११. मोबाइलवर टिकटिक वाजवणारं अॅप लावलं तर काम सोपं नाही का होणार?

तुमच्या सरावासाठी खुशाल लावा. मुलांसाठी सुरुवातीला नको. लहान मुलं यंत्राच्या आवाजापेक्षा समोर बसलेल्या माणसाबरोबर ठोका जास्त चांगला धरतात, कारण माणसाचा हात वर जाताना दिसतो आणि खाली कधी येणार याचा अंदाज येतो. टिकटिक नुसती पडते, पडायच्या आधी काहीच सांगत नाही. शिवाय वीस मुलांच्या थापेत मोबाइलचा आवाज पहिल्या पाच सेकंदांत बुडतो.

१२. मूल खरंच ठोका धरतंय की शेजाऱ्याची नक्कल करतंय, हे ओळखायचं कसं?

टाळीकडे बघू नका, टाळीच्या आधी बघा. ठोका धरलेल्या मुलाचा हात ठोक्याच्या आधीच उचललेला असतो. खांदा, मान किंवा गुडघा बारीकसा हलत असतो. नक्कल करणाऱ्या मुलाचे डोळे शेजाऱ्याच्या हातावर असतात आणि त्याची टाळी प्रत्येक वेळी साधारण तेवढ्याच अंतरानं उशिरा पडते. कान देऊन ऐकलं तर मोठ्या टाळीमागून येणारी ती छोटी टाळी वेगळी ऐकू येते.

पक्कं करायचं असेल तर गप फेरी घ्या. आठ थापा सगळ्यांनी मोठ्यानं, पुढच्या आठ सगळ्यांनी फक्त मनात, हात हवेत धरून, आणि मग पुन्हा आठ मोठ्यानं. मनातल्या आठ तुम्हीही फक्त मनातच मोजायच्या, मान न हलवता. मुलं तुमच्या मानेवर नजर ठेवून असतात. नवव्या जागेला जी मुलं बरोबर परत येतात, त्यांनी ठोका धरलाय. बहुतेक मुलं सुरुवातीला लवकर येतील. आठ जड गेले तर चारानं सुरू करा.

१३. एका मुलाला अजिबातच जमत नाही. किती दिवस वाट बघायची?

या वयात मुलामुलांत खूप फरक असतो, आणि ठोका धरण्याची क्षमता पहिलीनंतरही काही वर्षं सुधारत राहते. त्यामुळे दिवाळीपर्यंत जमलं नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. त्या मुलाला गटातून काढून समोरासमोर बसवा आणि उलटं करा: त्यानं ठोका द्यायचा, तुम्ही त्याच्यामागं जायचं. बहुधा असं दिसतं की त्याचा स्वतःचा ठोका स्थिर आहे, फक्त तुमच्यापेक्षा बराच जलद. मग त्याच्या वेगाला सुरू करून थोडं थोडं खाली आणा. त्याचा स्वतःचा ठोकाही प्रत्येक वेळी वेगळा पडत असेल तर मांडी-टाळी सोडून चालण्यावर या, वर्गातून हात धरून गोल फिरा.

हाक मारल्यावर बघत नाही, ओळ पुन्हा म्हणताना शब्द गाळतं, असंही दिसत असेल तर तो लयीचा प्रश्न नाही. कान तपासायला सांगा. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं तेव्हा हे नाव पुढं करा.

१४. परिपाठाला सगळ्या शाळेकडून करून घेतलं, तर मागची रांग कायम मागं पडते. त्यांना बडबड करायची सवय आहे म्हणून का?

बिचाऱ्यांचा दोष नाही. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मैदानावर तुम्ही एका टोकाला आणि शेवटची रांग ३४ मीटरवर असेल, तर तुमची टाळी तिथं सेकंदाच्या दहाव्या भागानं उशिरा पोहोचते. त्यांची टाळी तुमच्याकडे परत यायला तेवढाच वेळ, म्हणजे तुमच्या कानाला ती सेकंदाच्या पाचव्या भागानं मागं. मिनिटाला १२० च्या वेगात दोन ठोक्यांमध्ये अर्धाच सेकंद असतो, त्यामुळे हा उशीर चांगलाच जाणवतो. मोठा गोल करून मधोमध उभे राहा, किंवा हात डोक्यावर नेऊन सगळ्यांना दिसेल अशी टाळी द्या. नजरेला उशीर होत नाही.

१५. शेजारच्या वर्गाचे गुरुजी गोंगाट होतो म्हणतात. दोन वर्गांत नुसतं फळकूट आहे.

दोन बोटं तळहातावर. आवाज पुरेसा येतो आणि पलीकडे जात नाही. चटचट वाजणाऱ्या टाळीचा मोह आपल्यालाच असतो, मुलांना बोटांची टाळीही तेवढीच गंमतीची वाटते. बहुवर्गाची शाळा असेल आणि पहिली-दुसरी एकत्र बसत असतील, तर दुसरीला मांडीचा ठोका कायमचा देऊन टाका, पहिली टाळी वाजवेल. दुसरीची मुलं त्या जबाबदारीनं एकदम शहाणी होतात.

१६. आमची शाळा तांड्यावर आहे, मुलं घरी गोरमाटी बोलतात. दोन मुलींच्या घरी दखनी आहे. मराठी शब्द अडतात.

मग शब्द मुलांकडूनच घ्या. प्रत्येकाला घरातल्या एका वस्तूचं किंवा जनावराचं नाव त्यांच्या बोलीत विचारा आणि त्यातून एका तुकड्याचा आणि दोन तुकड्यांचा शब्द निवडा. तुकडे किती हे तुम्ही ठरवू नका. त्या भाषेत ते कसं म्हणतात ते दोनतीन मुलांकडून ऐका आणि त्यांच्या टाळ्या मोजा. मुलांची नावंही चालतात, फक्त नेहमी हाक मारतात ते रूप घ्या. हजेरीत लांबलचक नाव असेल आणि घरी सगळे “सोनू” म्हणत असतील, तर टाळी सोनूला.

१७. ऊसतोडीला गेलेली मुलं मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. तोवर वर्ग पुढं गेलेला असतो. त्यांना कुठून सुरू करायचं?

प्रश्न २ मधल्या पहिल्या पायरीपासून, पण वेगळं बसवून नाही. सगळ्या वर्गाची फेरी तिथूनच सुरू करा, आलेल्या मुलांना मांडीच्या गटात घ्या. ठोका हे कौशल्य धड्यासारखं मागं राहत नाही. काही मुलांचा ठोका परत आल्यावर आधीपेक्षा पक्का असतो. बैलगाडीवर, कोपीवर चार महिने मोठ्यांच्या कामात राहून आलेली असतात. त्यांना अडतात ते शब्द, कारण “तूर – वांगी – तूर – गप” या ओळी वर्गाला तोंडपाठ झालेल्या असतात. म्हणून त्या दिवसांत ओळ नवी घ्या, सगळ्यांनाच नवी.

१८. पुस्तकातली एक कविता काही केल्या चार थापांत बसत नाही. मुलं अडखळतात. कविता सोडून द्यायची का?

आधी ती म्हणत वर्गात चालून बघा. जड शब्द एका पावलाआड पायाखाली येत असतील तर कविता चाराचीच आहे, फक्त ओळीच्या शेवटी एक रिकामी जागा आहे आणि ती तुम्ही गिळताय. तिथं गप ठोका घाला, बसेल.

चालताना एकदा डावा, एकदा उजवा पाय जड पडत असेल आणि अंग झोके घेत असेल, तर ती तिनाची आहे. दादऱ्याच्या सहा मात्रा तीन-तीन अशा असतात, ती चाल. तिच्यासाठी वेगळी हालचाल लागते: मांडी – टाळी – टाळी, मांडी – टाळी – टाळी. शब्द “बटाटा”, ब वर मांडी, टा-टा वर टाळ्या. आतापर्यंत चारावर वाढलेली मुलं शेवटी हमखास एक टाळी जास्त मारतात, मांडी – टाळी – टाळी – टाळी, आणि दुसऱ्या बटाट्याचा ब मांडीवर न येता टाळीवर येतो. हीच चूक ओळखायची खूण. ती दिसली की टाळ्या सोडा, नुसतं “बटाटा, बटाटा” म्हणत बसल्या जागी डावीउजवीकडे झुला, प्रत्येक ब ला एक झोका. झोका स्थिर झाला की त्यावर मांडी, आणि मग टाळ्या. वर्षाच्या शेवटच्या दोन महिन्यांआधी मी हे काढत नाही. चाराचा ठोका पक्का नसताना तीन आणला की दोन्ही जातात.

१९. मुलीच्या हाताला प्लॅस्टर आहे. एक मुलगा टाळ्यांच्या आवाजानं कान झाकतो. एकाला कमी ऐकू येतं. यांना बसवून ठेवू का?

तिघांनाही घ्या. प्लॅस्टरवाली एका हातानं मांडीवर थाप मारेल आणि शब्द तोंडानं म्हणेल. कान झाकणाऱ्याला गोलाच्या बाहेर दाराजवळ जागा द्या, त्या दिवशी सगळ्या वर्गाची दोन बोटांची टाळी ठेवा, आणि मोठ्या टाळीचा खेळ घ्यायचा असेल तर त्याला आधी सांगा; अचानक झालेला आवाज त्याला जास्त त्रास देतो. कमी ऐकणाऱ्याला तुमच्या समोर, उजेड तुमच्या तोंडावर पडेल असं बसवा, हालचाली मोठ्या ठेवा, आणि सुरुवातीला त्याचा तळहात तुमच्या गुडघ्यावर ठेवा म्हणजे थाप त्याला हाताला लागेल. श्रवणयंत्र असेल तर ते लावलेलंच राहू द्या; फक्त पत्र्याच्या खोलीत जोरात टाळ्या घुमतात तेव्हा त्याचा चेहरा बघत राहा, आणि त्यानं तोंड वाकडं केलं की वर्गाला मांडीवर न्या.